चौथा रकाना : तासगावच्या एका द्राक्षबागेचा मासिक आणि तिमाही आढावा

तासगाव तालुक्यातल्या एका कुटुंबाची चार एकर द्राक्षबाग. दोन-दोन एकरांचे दोन प्लॉट, दोन्हीत थॉमसन जातीच्याच वेली, नऊ बाय पाच फुटांवर लावलेली, म्हणजे एकरी साधारण 968 वेली. वरच्या प्लॉटचा माल खायच्या द्राक्षात जातो, विहिरीजवळच्या प्लॉटचा बेदाणा होतो. बागेचं शेवटचं बोलणं आबांचं, औषध-पाणी थोरल्या मुलाकडे, मजुरांची हजेरी काकींकडे आणि बँकेचं, दुकानाच्या उधारीचं सुनेकडे. अशा बागांमध्ये जे घडतं त्यावरून हे प्रकरण जुळवलं आहे. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

अडचण विहिरीजवळच्या प्लॉटची होती. सलग दोन हंगाम तिथे घड कमी लागले. वेलीला तीस घड धरायचे ठरलेलं असायचं, मिळायचे वीसच्या आसपास. घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. आबा म्हणायचे हवामान, मुलगा म्हणायचा खताचा डोस चुकला, काकी म्हणायच्या दुकानदाराने नको ती औषधं गळ्यात मारली. हिशेब व्हायचा तो पट्ट्या आल्यावर, बेदाण्याचे सौदे झाल्यावर, म्हणजे वर्षातून एकदा. त्यातून नफा किती झाला ते कळायचं, घड का कमी लागले ते कळायचं नाही. कारण घड कमी दिसतात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आणि ते कमी होतात त्याच्या कितीतरी आधी.

इथे बागेबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते, पीक एकदाच मिळतं. माल निघाला की बागेला विश्रांती देऊन उन्हाळ्यात खरड छाटणी करतात, तिलाच एप्रिल छाटणी म्हणतात. तिच्यानंतर ज्या नव्या काड्या येतात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. हे काम छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या टप्प्यात चालतं. त्याला भरपूर ऊन लागतं, नत्र आणि पाणी आटोक्यात लागतं, वाढ थोडी थांबलेली लागते. मग काडी पिकते, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान फळछाटणी, म्हणजे ऑक्टोबर छाटणी केली की तेच घड बाहेर पडतात. घडांची संख्या मे-जूनमध्येच ठरून गेलेली असते. नंतर फक्त आहेत ते घड राखता येतात किंवा घालवता येतात.

म्हणून आढाव्याची सुरुवात खरड छाटणीपासून करायची असं मुलाने ठरवलं. एक दोनशे पानी वही, तीन रकाने: ठरलं, झालं, बदल. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी चौघांनी बसायचं, दर तीन महिन्यांनी जरा जास्त वेळ काढायचा.

ठरलं म्हणजे काय लिहायचं

पहिल्या दिवशी "ठरलं" खाली आबांनी सांगितलं ते असं: एकरी दहा टन, माल एक नंबर, रोग येऊ द्यायचा नाही. हे वाचून मेच्या पहिल्या रविवारी कोण काय तपासणार? दहा टन खरे झाले की नाही ते कळायला पुढचा मार्च उजाडतो. एकरी दहा टन म्हणजे वेलीला तीस घड, घड सरासरी साडेतीनशे ग्रॅमचा. तीस घड हवे असतील तर तेवढ्या काड्या हव्यात, त्या काड्या सारख्या जाडीच्या हव्यात आणि त्यांच्यावर वेळेत सबकेन, म्हणजे शेंडा खुडल्यावर येणाऱ्या बगलफुटीची पुढची काडी, झालेली हवी. असं मागे मागे जात मुलाने एप्रिल आणि मेसाठी सातच ओळी लिहिल्या. प्रत्येक ओळीत काम, छाटणीनंतरचा दिवस आणि मोजायची खूण. "फुटींची विरळणी, पंधराव्या दिवसापर्यंत, वेलीला पस्तीस काड्या." "सबकेनसाठी शेंडा सात पानांवर खुडणे, तिसाव्या दिवसापर्यंत पूर्ण." "चाळिसाव्या दिवसापासून ठिबक रोज अडीच तासांऐवजी एक तास."

तारखांऐवजी छाटणीनंतरचे दिवस लिहिले हे फार बरं झालं. बागायतदार तसंही दिवसातच बोलतो, "आज चौतिसावा" म्हणतो. वरच्या प्लॉटची खरड छाटणी 5 एप्रिलला झाली होती आणि विहिरीजवळची 8 मेला. मे महिन्याच्या पानावर दोन्ही प्लॉट एकत्र लिहिले असते तर एका ठिकाणी सबकेन होऊन गेलेली आणि दुसऱ्या ठिकाणी डोळे फुगतायत, अशी खिचडी झाली असती. म्हणून प्रत्येक प्लॉटला वेगळं पान, वर छाटणीची तारीख ठळक.

दुसरा नियम सुनेने घातला. "ठरलं"चा रकाना महिना सुरू व्हायच्या आत पेनने भरायचा आणि त्यात पुन्हा हात घालायचा नाही. महिन्याच्या मध्यात पेन्सिलने तारखा सरकवल्या तर शेवटी सगळंच वेळेवर झालेलं दिसतं.

जूनचा पहिला रविवार

या बैठकीचं वरच्या प्लॉटचं पान जसंच्या तसं पाहण्यासारखं आहे.

| ठरलं | झालं | बदल |
|---|---|---|
| सबकेन 30 व्या दिवसापर्यंत पूर्ण | 38 व्या दिवशी पूर्ण | टोळीचं आगाऊ ठरवणं – काकी |
| 15 ते 31 मे ठिबक रोज 1 तास, एकूण 17 तास | मीटरवरून हिशेब 41 तास | टायमर – 10 जूनच्या आत, मुलगा |
| फवारण्या 4 | फवारण्या 7 | पुढे बोलू |

पहिल्या ओळीवर मुलाने कारण लिहायला घेतलं, "मजूर मिळाले नाहीत." काकींनी हजेरीचं बुक पुढे ओढलं. "मिळालं न्हाईत कसं? मजूर होतं की. त्या आठ दिवसांत आपलीच टोळी आपल्याच बेदाण्याच्या शेडवर होती." खरंच तसं होतं. विहिरीजवळचा माल उशिरा निघाला, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बेदाण्याचं झाडणं, निवडणं, बॉक्स भरणं चाललं, त्यात पुन्हा त्याच प्लॉटची खरड छाटणी उरकायची होती, आणि वरच्या प्लॉटची सबकेन मागे राहिली. "मजूर मिळाले नाहीत" एवढंच वहीत राहिलं असतं तर उपाय निघाला असता मजुरी वाढवण्याचा. बाहेरची गोष्ट कारण म्हणून पुढे आली की तिच्यामागे आपली एखादी तारीख लपली आहे का, हे हजेरी किंवा डायरी उघडून पाहावं लागतं. आठवणीवर ते निघत नाही.

पाण्याची ओळ सगळ्यांना अनपेक्षित होती. कागदावर एक तास आणि प्रत्यक्षात सरासरी अडीच, म्हणजे पाणी कमी झालंच नव्हतं. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसपाळीच्या दहा दिवसांत मुलगा तासाभराने कॉक बंद करत होता. रात्रपाळीच्या सात दिवसांत मोटार ऑटोवर असायची, लाइट आली की सुरू व्हायची, आणि उठून कॉक बंद करायला मळ्यात कोणी जात नव्हतं. चार-साडेचार तास पाणी चालायचं. वेलीवर त्याची खूण दिसतच होती. शेंडे थांबायच्या ऐवजी पळत होते, दोन डोळ्यांमधलं अंतर वाढलं होतं, बगलफुटी पुन्हा पुन्हा काढाव्या लागत होत्या. मुलाने ती खूण खताच्या नावावर टाकली होती.

मासिक आढाव्याचा उपयोग इथे अगदी रोख झाला. वरच्या प्लॉटचा चाळीस ते सत्तर दिवसांचा टप्पा 15 मे ते 14 जून असा होता. चूक सापडली तेव्हा त्यातले थोडे दिवस तरी हातात होते. टायमर बसला, पाणी खाली आलं, शेंडे थांबले. हीच ओळ जुलैत सापडली असती तर ती फक्त इतिहास झाली असती.

फवारण्यांच्या ओळीवर थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक घरांत ठरलेल्यापेक्षा कमी झालं की चौकशी होते, जास्त झालं की शाबासकी मिळते. चारच्या सात झाल्या म्हणजे बागेकडे लक्ष आहे, असा आबांचा सूर होता. डायरी वाचली तर वाढीव तीनपैकी दोन टॉनिकच्या होत्या. दुकानातल्या पोराने "शेजारच्यांनी मारलंय" म्हणून दिलेल्या. एका फवारणीत तर वाढीला जोर देणारं औषध होतं, तेही वाढ थांबवायच्या दिवसांत. एकीकडे पाणी तोडायचं आणि दुसरीकडे वाढीचं औषध मारायचं! त्या दिवसापासून फवारणीच्या डायरीत औषध, मात्रा, तारीख यांच्या जोडीला "कोणी सांगितलं आणि कशासाठी" ही नोंद सुरू झाली. पुढच्या महिन्यात जादा फवारणी एकच झाली आणि ती भुरी रोगाची होती, तिचं कारण पानावर दिसत होतं.

आबांचा राग

याच बैठकीत एक भांडण होता होता राहिलं. मुलगा "झालं"चा रकाना वाचत होता आणि प्रत्येक ओळीला आबांकडे बघत होता. तिसऱ्या ओळीला आबा उठले. "मला जाब द्यायला बसवलंय व्हय रे हितं?" बागेतले बरेचसे निर्णय त्यांचे होते, त्यामुळे ठरलेलं आणि झालेलं यातली प्रत्येक तफावत त्यांच्यावर बोट दाखवल्यासारखी ऐकू येत होती.

पुढच्या महिन्यापासून वाचन काकींकडे गेलं. त्या ओळ वाचायच्या, तफावत सांगायच्या, आणि आधी स्वतःच्या कामाची ओळ घ्यायच्या. "माझी टोळी आठ दिवस उशिरा. आता तुमचं सांगा." एवढ्याने बैठकीचा नूर बदलला. घरचा आढावा असो की कारखान्यातला, ज्याच्या हातात अधिकार नाही त्याने वाचलं आणि स्वतःपासून सुरुवात केली तर ऐकणारा बचावाच्या पवित्र्यात जात नाही. कुटुंबात तर हे फारच खरं, कारण बैठक संपल्यावर सगळ्यांना एकाच ताटात जेवायचं असतं.

जुलैची तिमाही बैठक

मासिक आढाव्यात एकच प्रश्न होता: ठरलं ते झालं का? जुलैत मुलाने दोन्ही प्लॉटची तीन-तीन पानं शेजारी मांडली आणि दुसरा प्रश्न विचारला: ठरवलं तेच बरोबर होतं का? हे दोन प्रश्न एकाच दिवशी विचारले की गोंधळ होतो. दर महिन्याला योजनाच बदलत बसलं तर कुठलीच योजना पुरती तपासली जात नाही, आणि योजना कधीच तपासली नाही तर चुकीचं काम वेळेवर केल्याचं समाधान मिळत राहतं.

विहिरीजवळच्या प्लॉटची पानं पाहिली तर नवल वाटावं. विरळणी वेळेत, सबकेन सत्ताविसाव्या दिवशी, टायमरमुळे पाणी ठरल्याप्रमाणे, फवारण्या ठरल्याप्रमाणे. वरच्या प्लॉटपेक्षा हे पान कितीतरी स्वच्छ होतं. मासिक आढाव्याच्या मापाने हा प्लॉट पहिला. आणि तरी घड इथेच कमी लागत आले होते.

सुनेने दोन्ही प्लॉटचे चाळिसावा ते सत्तरावा दिवस कॅलेंडरवर रंगवले. वरच्या प्लॉटचा पट्टा 15 मे ते 14 जून, बहुतेक सगळा कडक उन्हात. विहिरीजवळचा पट्टा 17 जून ते 17 जुलै. सांगली जिल्ह्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि पुढे ढग हटत नाहीत. म्हणजे या प्लॉटच्या डोळ्यांत घड तयार व्हायचे तेच दिवस ढगाळ. जमिनीत ओल, हवेत दमटपणा, वाढ थांबत नाही, डोळ्यांवर ऊन पडत नाही. ठिबक कितीही बंद ठेवा, वरून पडणाऱ्या पाण्याला टायमर नाही.

मग छाटणी 8 मेला का झाली? कारण माल एप्रिलच्या सुरुवातीला निघाला, नंतर बागेला तीन-चार आठवडे विश्रांती हवी होती आणि टोळी बेदाण्यात अडकली होती. माल उशिरा का निघाला? कारण आदल्या वर्षीची ऑक्टोबर छाटणी 5 नोव्हेंबरला झाली होती. बेदाण्याला गोडी चांगली भरावी लागते, त्याला दीडशे दिवस धरा, 4 एप्रिल येतो. दरवर्षी हीच साखळी फिरत होती. उशिरा छाटणी, उशिरा माल, उशिरा खरड, ढगाळ दिवसांत घडनिर्मिती, कमी घड. खत, टॉनिक, दुकानदार यांपैकी कोणीही या साखळीत मुख्य आरोपी नव्हता.

उपाय सोपा वाटतो: ऑक्टोबर छाटणी लवकर करा. पण आबा उगाच नोव्हेंबरपर्यंत थांबत नव्हते. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कधीही येतो, आणि कोवळ्या फुटीवर किंवा फुलोऱ्यात पाऊस सापडला की दावण्या हा बुरशीचा रोग घडच खातो. वरचा प्लॉट सप्टेंबरमध्ये छाटायचा आणि दुसरा पावसानंतर, म्हणजे दोन्ही एकदम बुडत नाहीत, अशी त्यांची विचारपूर्वक केलेली वाटणी होती. ती वहीत कुठेच लिहिलेली नव्हती, म्हणून मुलाला ती नुसती सवय वाटत होती. तिमाही बैठकीत सगळ्यात उपयोगाची गोष्ट घडली असेल तर ही, की जुन्या निर्णयामागचं कारण त्याच्या मालकाने स्वतः बोलून दाखवलं. कारण समोर आल्यावर ते तोलता येतं.

तोलून ठरलं ते असं. विहिरीजवळच्या दोन एकरांपैकी एका एकराची छाटणी 15 ऑक्टोबरला, दुसऱ्या एकराची आबांच्या तारखेला, 5 नोव्हेंबरच्या आसपास. 15 ऑक्टोबर धरली तर माल मार्चच्या मध्यापर्यंत निघतो, तीन-साडेतीन आठवडे विश्रांती देऊन खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होते आणि घडनिर्मितीचा बराचसा काळ उन्हात पडतो. दावण्या आला तर नुकसान एका एकरापुरतं.

इथेच वहीला चौथा रकाना जोडला गेला. सुनेने विचारलं, "हे बरोबर ठरलं की नाही ते आपल्याला कधी कळणार?" मुलगा पटकन म्हणाला, मार्चमध्ये, माल निघाल्यावर. मग मोजायला बसल्यावर लक्षात आलं की मार्चमध्ये निघणाऱ्या मालाचे घड तर याच जून-जुलैत, ढगाळ दिवसांत ठरून गेलेत. ऑक्टोबरची तारीख बदलल्याने ते वाढणार नाहीत. तारीख बदलण्याचा फायदा पुढच्या खरड छाटणीनंतरच्या काड्यांत उतरेल, आणि त्या काड्या तपासल्या जातील पुढच्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे निर्णय जुलैत, अंमल ऑक्टोबरमध्ये, निकाल चौदा महिन्यांनी. "बदल" शेजारी "कधी आणि कशावरून कळेल" हे त्याच दिवशी लिहून ठेवलं नाही, तर मधल्या काळात कुठलाही निकाल कुठल्याही निर्णयाला चिकटवता येतो.

सप्टेंबर: आकडा खाली आणणं

दुसरी तिमाही बैठक मुद्दाम काडी तपासणीनंतर ठेवली. दोन्ही प्लॉटमधून वेगवेगळ्या जाडीच्या काड्या कापून, प्लॉटवार वेगळ्या पिशव्या बांधून तपासणीला पाठवल्या. तिथे प्रत्येक डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते कळवतात. वरच्या प्लॉटच्या वीस काड्यांपैकी सोळांमध्ये चांगला घड दिसला, विहिरीजवळच्या वीसपैकी अकरांमध्ये.

त्यावरून विहिरीजवळच्या प्लॉटचं एकरी उद्दिष्ट दहावरून सात टनांवर आणलं. वेलीला वीस घड, घड थोडा मोठा, तीनशे सत्तर ग्रॅम धरला तर सात टनांना जरा वर बसतो. आबांना हे रुचलं नाही. छाटणीच्या आधीच हार मानायची का, असं त्यांचं म्हणणं. पण या आकड्यावर पुढची सगळी खरेदी अवलंबून होती. दहा टनांच्या हिशेबाने खताचा डोस, विरळणीची मजुरी, बेदाण्याची द्राक्षं बुडवायचं डिपिंग ऑइल आणि शेडवरची जागा धरली असती तर तीन टनांचा खर्च न आलेल्या मालावर झाला असता. शिवाय सुनेने बँकेच्या हप्त्यासाठी धरलेला बेदाणा एकरी अडीच टन होता. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा या हिशेबाने तो पावणेदोन टनांवर आला, आणि हप्त्याची तजवीज सप्टेंबरमध्येच सुरू झाली. सौदे झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा सहा महिने आधी कळलेली वाईट बातमी स्वस्त पडते.

तपासणीला मर्यादा आहे हेही पानावर लिहून ठेवलं. डोळ्यात घड आहे एवढंच ती सांगते. छाटणीनंतर ढगाळ हवेत तो घड जिरू शकतो, गळ होऊ शकते. म्हणून सात हा आकडा मिळायची हमी नव्हती, त्याच्या वर जायची आशा मात्र सोडायची होती.

ऑक्टोबरचं खोटं पान

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उशिराच्या एकराची छाटणी आणि डोळे फुटण्यासाठीचं पेस्टिंग चालू होतं, बैठक झालीच नाही. डिसेंबरमध्ये दोन्ही महिन्यांची पानं एका बैठकीत भरली. ऑक्टोबरचं पान बघताच ओळखू येतं. सगळी अक्षरं एका पेनने, एका दमात लिहिलेली. "ठरलं" आणि "झालं" यांतले आकडे तंतोतंत जुळलेले. एकाही ओळीला आडवातिडवा आकडा नाही, अडतिसावा दिवस नाही, एक्केचाळीस तास नाहीत. असं पान आढाव्यात आलं की ते आठवणीतून लिहिलंय असं समजावं.

खरं काय झालं ते फवारणीच्या डायरीत होतं. वरच्या प्लॉटला ऑक्टोबरच्या पावसात दर तिसऱ्या दिवशी फवारणी ठरली होती. एकदा मध्ये सहा दिवस गेले, कारण ट्रॅक्टर चिखलात जाईना. नंतर पानांवर तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी दिसली, काही घड गेले. वहीत मात्र "ठरल्याप्रमाणे". काकींनी ते पान फाडू दिलं नाही, त्यावर तिरकी रेघ मारून शेजारी डायरीतल्या तारखा लिहिल्या. गर्दीच्या महिन्यात पूर्ण बैठक जमणार नाही हे मान्य करून पुढे एवढंच ठेवलं: मळ्यातच, उभ्या उभ्या, डायरी हातात घेऊन "झालं"चे आकडे तेवढे उतरवायचे. कारणं आणि बदल नंतर बोलता येतात, आकडे नंतर आठवत नाहीत.

याच बैठकीत "बदल"चा रकानाही झाडला. डिसेंबरपर्यंत त्यात अकरा गोष्टी साठल्या होत्या, झाल्या होत्या तीन. टायमर, काकींचं टोळी ठरवणं आणि फवारणीची नोंद. तिन्हींना नाव आणि दिवस होता किंवा त्या रोजच्या कामात बसल्या होत्या. बाकीच्या "लक्ष ठेवणे", "काळजी घेणे" अशा होत्या. त्या खोडल्या आणि महिन्याला दोनपेक्षा जास्त बदल लिहायचे नाहीत असं ठरलं.

माल निघाल्यावर

वरच्या प्लॉटचा माल एकरी 9.4 टन निघाला, ठरले होते दहा. तफावत बरीचशी ऑक्टोबरच्या दावण्याची. विहिरीजवळचा 15 ऑक्टोबरचा एकर 6.8 टन, आबांचा नोव्हेंबरचा एकर 7.2 टन.

हे आकडे वाचल्यावर आबा मुलाकडे बघून हसले. "बघ. माझा एकर जास्त निघाला का न्हाई?" जुलैतलं पान उघडलं नसतं तर लवकर छाटणीचा प्रयोग फसला असा शेरा त्याच दिवशी बसला असता आणि पुढच्या वर्षी दोन्ही एकर पुन्हा नोव्हेंबरमध्ये गेले असते. पण चौथ्या रकान्यात त्यांच्याच समोर लिहिलेलं होतं: घडसंख्येचा निकाल पुढच्या सप्टेंबरच्या काडी तपासणीवरून, या मार्चच्या मालावरून नाही. दोन्ही एकरांचे घड एकाच ढगाळ जुलैतले. 0.4 टनांचा फरक लवकर छाटलेल्या एकरात थोडे घड जिरल्यामुळेही पडला असेल, एका हंगामात त्यावरून काही ठरवता येत नाही. तो वेगळी ओळ म्हणून नोंदला, कारण लवकर छाटणीची ती खरी किंमत असू शकते.

आढाव्यामुळे उत्पादन वाढलं असं या वर्षात तरी म्हणता येत नाही. वरच्या प्लॉटमध्ये जूनमध्ये पाणी वेळेत तुटलं त्याचा वाटा किती, हेही वेगळं काढता येत नाही, कारण पाणी न तोडलेली वेलींची एखादी ओळ तुलनेसाठी राखलेली नव्हती. येत्या मेमध्ये तशा दोन ओळी राखायचं ठरलं आहे.

15 ऑक्टोबरच्या एकराची खरड छाटणी 9 एप्रिलला झाली, म्हणजे घडनिर्मितीचा टप्पा 19 मे ते 18 जून. नोव्हेंबरच्या एकराची मेच्या पहिल्या आठवड्यात होईल. सप्टेंबरमध्ये दोन्ही एकरांच्या काड्या वेगळ्या पिशव्यांतून तपासणीला जातील. आबांनी वहीत अट लिहून घेतली आहे: लवकरच्या एकरात वीसपैकी पंधरा काड्यांना घड दिसला तरच दुसरा एकर ऑक्टोबरमध्ये घ्यायचा, आणि तेव्हासुद्धा परतीचा पाऊस गेल्याशिवाय कात्री लावायची नाही. त्या एकरापुढचा "ठरलं"चा रकाना तोवर कोरा राहील, काकींनी तिथे फक्त टोळीला कधी सांगायचं तेवढं लिहिलं आहे.